मुदत मार्च 2027 पर्यंत, पण संपली एप्रिल 2025 मध्येच

2025 च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी शेजारच्या वहिनींचा मुलगा बायोडेटाचे दोन कागद आणि मोबाइलमधली एक जाहिरात घेऊन माझ्याकडे आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, सहा वर्षांचा अनुभव आणि चार महिन्यांपासून घरी. जाहिरात चाकणच्या बाजूला प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या एका कंपनीची होती, जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची. "काकू, यात एपीआय 510 मागितलंय. माझ्याकडे नाहीये. कर्ज काढून करून टाकू का?" असा त्याचा प्रश्न होता.

मी बावीस वर्षे भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटी विभागाची कागदपत्रे सांभाळली. वेल्डरांची, तपासनिसांची, यंत्रांची अशी सगळ्यांची प्रमाणपत्रे माझ्या कपाटात असायची. बाहेरचा तपासनीस आला की पहिली फाइल माझ्याकडून जायची. म्हणून मी त्याला म्हटले, एपीआयचे नंतर बघू. आधी तुझ्याकडे काय आहे ते टेबलावर मांड.

बायोडेटात 'सर्टिफिकेशन्स' या मथळ्याखाली नऊ ओळी होत्या. एएसएनटी लेव्हल टू, पाच पद्धतींमध्ये, 2018. पुन्हा लेव्हल टू, तीन पद्धतींमध्ये, 2022. सीएसडब्ल्यूआयपी 3.1 वेल्डिंग इन्स्पेक्टर, 2020. आयएसओ 9001 अंतर्गत लेखापरीक्षक. ओएचएसएएस 18001 लेखापरीक्षक, 2017. प्रथमोपचार, 2019. ऑटोकॅड. एमएस-सीआयटी, 2012. आणि एका वेल्डिंग मशीन कंपनीच्या एक दिवसाच्या कार्यशाळेचे हजेरीपत्र. नऊ ओळींना सारखेच वजन, सारखाच ठसा. वाचणाऱ्याने काय आधी पाहायचे, याचा पत्ता नाही.

मूळ कागद मागितले तेव्हा पहिले आले 2018 चे. जाड आर्ट पेपर, सोनेरी किनार, होलोग्राम. अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी, मॅग्नेटिक पार्टिकल, डाय पेनिट्रंट आणि व्हिज्युअल, अशा पाचही पद्धतींत लेव्हल टू. खाली लिहिलेले 'एसएनटी-टीसी-1ए नुसार'. देणारी एक प्रशिक्षण संस्था, आणि कोर्स किती दिवसांचा, तर दहा.

इथे थोडे थांबून समजावून सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या शेकडो मुलांच्या बायोडेटात हीच ओळ असते. वेल्ड न फोडता आतला दोष शोधण्याच्या या पद्धतींना एनडीटी म्हणतात. एएसएनटी ही या क्षेत्रातली अमेरिकी संस्था. एसएनटी-टीसी-1ए ही तिने काढलेली शिफारस, आणि ती लिहिलेली आहे मालकांसाठी. प्रत्येक कंपनीने आपली लेखी कार्यपद्धती तयार करावी, आपल्या माणसांना शिकवावे, त्यांची परीक्षा घ्यावी आणि स्वतःच्या सहीने त्यांना प्रमाणित करावे, असा तिचा गाभा आहे. शॉपमध्ये आम्ही त्याला 'रिटन प्रॅक्टिस' म्हणायचो. म्हणजे या शिफारशीखालचे लेव्हल टू एएसएनटी देत नाही आणि प्रशिक्षण संस्थाही देऊ शकत नाही. ते देते नोकरीवर ठेवणारी कंपनी. संस्थेने दिलेला कागद हा शिकल्याचा आणि परीक्षा दिल्याचा पुरावा असतो. तोही कामाचाच, पण तो लेव्हल टू नव्हे.

शिकल्याचा पुरावा म्हणून तरी तो टिकतो का, हे तासांवरून कळते. शिफारशीत प्रत्येक पद्धतीला किती तास प्रशिक्षण हवे याचा तक्ता आहे. शालेय शिक्षण झालेल्या उमेदवाराला अल्ट्रासोनिकसाठी लेव्हल वनचे 40 आणि लेव्हल टूचे 40, असे 80 तास. रेडिओग्राफीचेही तेवढेच. इंजिनिअरिंग शिकलेल्याला थोडी सवलत मिळते. पण ती धरूनही या दोनच पद्धती दहा दिवसांच्या 80 तासांत मावत नाहीत, मग उरलेल्या तीन कुठे बसवणार? शिवाय प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे. अल्ट्रासोनिकच्या लेव्हल टूपर्यंत पोहोचायला लेव्हल वनचे 210 आणि पुढचे 630, मिळून 840 तासांचे काम. तो मुलगा 2018 मध्ये कॉलेजातून नुकताच बाहेर पडला होता. त्या सोनेरी कागदावर 'नियोक्ता' या शब्दापुढची रेघ कोरी होती.

त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाईट वाटले. त्याच्या बाबांनी त्या कोर्ससाठी पैसे साठवले होते, हे मला ठाऊक होते. पण त्याला हे कुणीतरी सांगायला हवे होते, कारण मी याची किंमत स्वतः पाहिली आहे. आमच्या शॉपमध्ये एकदा अशाच संस्थेच्या कागदावर एक अल्ट्रासोनिकचा माणूस घेतला गेला. फाइलमध्ये कागद लावला मी, तारीख पाहिली, शिक्का पाहिला, देणारा कोण हे पाहिले नाही. तीन आठवड्यांनी ग्राहकाचा तपासनीस आला. त्याने 'तुमच्या कंपनीने याला कधी प्रमाणित केले' एवढेच विचारले, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या माणसाने तपासलेले सगळे नोझलचे जोड पुन्हा तपासावे लागले. त्याचे काम वाईट नव्हते. पुन्हा तपासले तेव्हा एकही जोड चुकीचा निघाला नाही. तरी त्याचे अहवाल रद्दच झाले, आणि चूक माझ्या टेबलावर झाली होती.

मग त्याने दुसरा कागद काढला. साधा ए-फोर, काळी-पांढरी छपाई, कंपनीचे लेटरहेड. त्याला त्याची लाजच वाटत होती, म्हणून फाइलमध्ये मागे ठेवलेला. हा मात्र खरा होता. अल्ट्रासोनिक, पेनिट्रंट आणि मॅग्नेटिक, या तीन पद्धतींत कंपनीने स्वतः दिलेले लेव्हल टू. जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल या तिन्ही परीक्षांचे गुण लिहिलेले. प्रत्येकीत किमान 70 आणि सरासरी किमान 80 लागते, त्याची सरासरी त्याहून बरीच वर होती. खाली लेव्हल थ्रीची सही आणि त्याचा क्रमांक. दिल्याची तारीख मार्च 2022, मुदत मार्च 2027.

"म्हणजे हे तर चालूच आहे," तो म्हणाला.

नाही. त्याने ती कंपनी एप्रिल 2025 मध्ये सोडली, आणि त्याच दिवशी हे प्रमाणपत्र संपले. कंपनीने दिलेले लेव्हल टू त्या कंपनीतल्या कामापुरते असते. नोकरी सुटली की ते रद्द धरायचे, हे शिफारशीतच लिहिलेले आहे. छापलेली पाच वर्षे ही तिथे काम करत राहिलात तर पुन्हा प्रमाणित व्हायची जास्तीत जास्त मुदत आहे. शिवाय नोकरीत असतानाही दर वर्षी जवळच्या नजरेची तपासणी व्हावी लागते. जेगरचा दोन नंबरचा बारीक मजकूर किमान 12 इंचांवरून वाचता आला पाहिजे. ती तपासणी चुकली, तर मार्च 2027 लिहिलेले असूनही माणसाला कामाला लावता येत नाही. चष्म्याने वाचले तरी चालते, पण वाचल्याची नोंद हवी.

मग या कागदाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. नवी कंपनी त्याला आपल्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणे नव्याने प्रमाणित करील, आणि ते करताना आधीच्या प्रशिक्षणाचे तास, अनुभवाचे तास आणि आधीचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून धरू शकते. शिफारशीत आणखी एक सोय आहे. माणूस नोकरी सोडण्याआधीच्या सहा महिन्यांत त्या पद्धतीचे काम करत होता आणि सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत नवीन कंपनी त्याला घेते आहे, तर त्याच्या जुन्या पात्रतेवर विसंबता येते, फक्त नव्या कंपनीला तशी खात्री पटली पाहिजे. सहा महिने उलटले की बहुतेक ठिकाणी पुन्हा परीक्षा. एप्रिलपासून मोजले तर त्याच्याकडे ऑक्टोबरपर्यंतचा वेळ होता. बायोडेटात ही तारीख कुठेच नव्हती आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची होती.

मी लेव्हल थ्रीचा क्रमांकही तपासायला लावला. लेव्हल टूची यादी एएसएनटीच्या संकेतस्थळावर मिळणार नाही, कारण ती त्यांनी दिलेलीच नसतात. पण त्यांनी प्रमाणित केलेला लेव्हल थ्री तिथे शोधता येतो. पाहायचे एवढेच की सही केली त्या दिवशी त्याची स्वतःची मुदत चालू होती का, आणि ज्या पद्धतीसाठी सही केली त्या पद्धतीत तो लेव्हल थ्री होता का. रेडिओग्राफीचा लेव्हल थ्री अल्ट्रासोनिकच्या कागदावर सही करून जातो, असे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिले आहे. याच्या बाबतीत दोन्ही बरोबर निघाले.

सीएसडब्ल्यूआयपीचा प्रकार वेगळा. ते माणसाचे असते, कंपनी बदलली तरी सोबत येते. इंग्लंडच्या टीडब्ल्यूआयची प्रमाणन शाखा ते देते. मुदत पाच वर्षे, मग कामात सातत्य असल्याचा आणि नजरेचा पुरावा देऊन नूतनीकरण, आणि दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा. याचे होते ऑक्टोबर 2020 चे. म्हणजे मुदत संपायला सात आठवडे उरले होते आणि त्याला त्याचे भानच नव्हते. बायोडेटात फक्त '2020' लिहिलेले. नूतनीकरणासाठी जुन्या कंपनीकडून अनुभवाचे पत्र लागणार होते, आणि ज्या कंपनीतून आपण निघून आलो तिथून पत्र मिळवायला सात आठवडे काही फार नसतात.

आता जाहिरात. तिच्यात चार गोष्टी होत्या. एएसएनटी लेव्हल टू, चार पद्धतींत, 'अनिवार्य'. सीएसडब्ल्यूआयपी 3.1 'किंवा समकक्ष', 'प्राधान्य'. एपीआय 510 'असल्यास उत्तम'. आयएसओ 9001 ची माहिती. कामाचे स्वरूप खाली पाच ओळींत दिले होते: नवीन व्हेसल आणि हीट एक्स्चेंजरच्या जोडांची तपासणी, फिट-अप पाहणे, वेल्डरांच्या चाचण्यांवर देखरेख, ग्राहकाच्या तपासनिसासोबत काम, कागदपत्रे.

मी जाहिरात नेहमी खालून वाचते, आधी काम आणि मग अटी. या पाच ओळींत एपीआय 510 लागेल असे एकही काम नव्हते. एपीआय 510 हा वापरात असलेल्या प्रेशर व्हेसलचा नियम आहे. रिफायनरीत दहा-वीस वर्षे चाललेल्या व्हेसलची भिंत किती झिजली, अजून किती वर्षे चालेल, पुढची तपासणी कधी, दुरुस्ती कशी करायची, हे त्याचे विषय. नवे व्हेसल बनवताना वेगळा नियम लागतो, बहुतेक ठिकाणी एएसएमईचा. मग ही अट आली कुठून? माझा अंदाज असा की आखाती देशांतल्या रिफायनरीच्या जाहिरातीतून उचललेली असावी. तिथे इन्स्पेक्टरला ही अट असणे अगदी रास्त आहे, आणि कोणी दुबईचा किंवा जुबैलचा विचार करत असेल तर त्याने ते जरूर करावे. तीन वर्षांची त्याची मुदत मात्र लक्षात ठेवावी, कारण घरी बसून ती निघून जाते.

रेडिओग्राफीचे अवघड होते. जाहिरातीत ते अनिवार्य यादीत होते आणि त्याच्याकडे संस्थेच्या कागदाखेरीज काही नव्हते. पण 'रेडिओग्राफी लेव्हल टू हवा' याचे दोन अर्थ होतात. स्वतः गॅमा स्रोत किंवा क्ष-किरण यंत्र घेऊन फोटो काढायचे असतील, तर भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाला मान्य असलेले रेडिओग्राफरचे प्रशिक्षण लागते, आणि तिथे एएसएनटीचा कुठलाही कागद पुरत नाही. बहुतेक शॉप मात्र हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात आणि आपल्या माणसाकडून फक्त फिल्म वाचून घेतात. फिल्म वाचणे हे कंपनीला शिकवून, परीक्षा घेऊन प्रमाणित करता येते. म्हणजे प्रश्न विचारल्याशिवाय अट कळणारच नव्हती.

त्याला मी फोन करायला सांगितले. तो कचरला. "काकू, अटच विचारली तर म्हणतील याच्याकडे काहीच नाही." मी त्याला तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. रेडिओग्राफी तुमच्याकडे होते की बाहेरून? लेव्हल टू रुजू होतानाच हवे, की तुमचा लेव्हल थ्री प्रमाणित करतो? आणि सीएसडब्ल्यूआयपी तुमच्या कोणत्या ग्राहकाच्या करारात मागितले आहे का? पहिल्या फोनवर एचआरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की तिला माहीत नाही, क्वालिटीच्या साहेबांना विचारून सांगते. संध्याकाळी साहेबांचाच फोन आला. रेडिओग्राफी बाहेरून, फिल्म आम्ही वाचतो. लेव्हल थ्री महिन्यातून एकदा येतो, नवीन माणसाची परीक्षा तोच घेतो. एपीआयचे विचारले तर ते म्हणाले, ते यादीत राहून गेले आहे, सोडा. आणि सीएसडब्ल्यूआयपी? 'प्राधान्य' लिहिलेले होते ना? तर एका ग्राहकाच्या करारात वेल्डिंग इन्स्पेक्टरकडे चालू मुदतीचे सीएसडब्ल्यूआयपी किंवा अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे सीडब्ल्यूआय असलेच पाहिजे, असे कलम होते. म्हणजे जाहिरातीत जे 'अनिवार्य' होते ते रुजू झाल्यावर होणार होते, जे 'असल्यास उत्तम' होते ते लागतच नव्हते, आणि जे 'प्राधान्य' होते त्यावाचून त्या ग्राहकाचे काम अडणार होते.

एचआरमध्ये काम करणाऱ्यांना मी हे नेहमी सांगत आले आहे: विभागप्रमुखाकडून अटींची यादी आली की प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट विचारा, हा कागद नसेल तर पहिल्या महिन्यात कोणते काम थांबेल? उत्तर कायद्यातून, करारातून किंवा नियमातून आले तर अट ठेवा आणि मुदत चालू आहे का तेही विचारा. उत्तर आले नाही तर ती ओळ चांगल्या माणसांना दारातूनच परत पाठवते आहे. या मुलाने त्या एका ओळीपायी कर्जाचा अर्ज भरून ठेवला होता.

वेल्डरांच्या बाबतीत तर तारखेचा गोंधळ आणखी वेगळा असतो, आणि तोही सांगायला हवा, कारण आपल्या गावोगावच्या आयटीआयतून निघालेली मुले त्यात अडकतात. एएसएमईच्या नियमाखाली वेल्डरच्या पात्रतेला छापील शेवटची तारीखच नसते. ज्या प्रक्रियेत तो पात्र आहे, त्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग केले नाही की पात्रता संपते. करत राहिला तर चालू राहते. म्हणून कागदापेक्षा त्याची नोंदवही पाहावी लागते. टिगचे प्रमाणपत्र आहे आणि गेले आठ महिने फक्त आर्कवर काम केले आहे, तर टिगची पात्रता गेली, आर्कची राहिली.

आणि बायोडेटात नुसते 'सिक्स-जी' लिहिले म्हणजे सगळे आले असे नव्हे. सिक्स-जी म्हणजे पाइप 45 अंशांत तिरका पक्का धरून केलेली चाचणी. ती पास झाली की जोड कुठल्याही स्थितीत करता येतो, एवढे खरे. पण चाचणीचा पाइप किती मोठा होता? त्याचा बाहेरचा व्यास 73 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर वेल्डर 73 आणि त्यापुढच्याच पाइपला पात्र होतो. समजा चाचणी झाली सहा इंची पाइपवर, 168 मिलिमीटर. जागा आहे दोन इंची पाइपलाइनची, त्याचा बाहेरचा व्यास 60. मुलगा उत्तम, हात स्थिर, कागद खरा, मुदत चालू, आणि तरी त्या कामाला तो पात्र नाही. म्हणून मी वेल्डरांना सांगायची की 'सिक्स-जी' च्या पुढे प्रक्रिया, पाइपचा व्यास आणि जाडी लिहा. एका ओळीचेच काम आहे.

त्या रविवारी आम्ही नऊच्या चार ओळी केल्या. ओएचएसएएस काढले, कारण ते मानकच 2021 मध्ये मागे घेतले गेले आणि त्याची जागा आयएसओ 45001 ने घेतली. प्रथमोपचाराची तीन वर्षांची मुदत केव्हाच गेली होती. एमएस-सीआयटी सरकारी जागांच्या अर्जात हवे असते, इथे नको. ऑटोकॅड आणि हजेरीपत्र गेले. आयएसओ 9001 राहिले, कारण जाहिरातीत त्याचे काम होते. सोनेरी किनारीचा कागद 'प्रशिक्षण' या मथळ्याखाली गेला, 'लेव्हल टू' हे शब्द न लिहिता, फक्त विषय आणि तास. सगळ्यांत वर सीएसडब्ल्यूआयपी आले, प्रमाणपत्र क्रमांक, मुदत ऑक्टोबर 2025 आणि 'नूतनीकरणाचा अर्ज चालू' या शब्दांसह. हे शब्द आम्ही अर्ज पाठवल्यावरच लिहिले, आधी नाही.

त्याखाली ती ए-फोरची ओळ, जशी हवी तशी: यूटी, पीटी, एमटी लेव्हल टू, एसएनटी-टीसी-1ए नुसार, माजी नियोक्त्याकडून, मार्च 2022 ते एप्रिल 2025, प्रशिक्षण व अनुभवाच्या तासांच्या नोंदी, परीक्षांचे गुण आणि शेवटची नेत्रतपासणी उपलब्ध. 'ते एप्रिल 2025' हे लिहायला तो तयार नव्हता. मार्च 2027 छापलेले आहे, मग कमी का सांगायचे, असे त्याचे म्हणणे होते. अखेर लिहिले.

मुलाखतीत साहेबांनी बोट ठेवले ते नेमके त्याच ओळीवर. हे संपल्याचे तुला कसे कळले, असे त्यांनी विचारले, आणि मग कपाटातून आपली रिटन प्रॅक्टिस काढून त्याच्यासमोर उघडली. सप्टेंबरच्या लेव्हल थ्रीच्या फेरीत त्याची तीन पद्धतींची परीक्षा लागली, सहा महिने पुरे व्हायला तीन आठवडे असताना. फिल्म वाचायचे प्रशिक्षण डिसेंबरपासून.